दहा जोड विकले, एक परत आला: खात्यावर नक्की किती राहिले?

नमस्कार मंडळी! चप्पल ऑनलाइन विकणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. "दहा जोड गेले, दहा हजारांच्या वर विक्री दिसते, मग खात्यावर एवढेच कसे आले?" आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात, "आता तर आणखी हजार रुपये कापलेत, कशाचे तेच कळेना." आज हाच हिशोब उलगडू. वही-पेन घेऊन बसा, पण घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच आहे.

आपला विक्रेता सुभाषनगरच्या कारागिराकडून ६०० रुपयांना कोल्हापुरीचा जोड घेतो. जीएसटी नोंदणी आहे. ऑनलाइन किंमत १,०५० रुपये. यात ५ टक्के जीएसटी धरलेला आहे, म्हणजे चपलेची मूळ किंमत १,००० आणि सरकारचे ५०. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्केच लागतो. पूर्वी याच किमतीला जास्त होता, त्यामुळे जुन्या लिस्टिंगवर जुना दर राहिलाय का, ते एकदा बघून घ्या.

[स्क्रीनवर: १,०५० रुपयांचा एक जोड]

आता कापाकापी. दर मी उदाहरणासाठी धरतोय, तुमचे तुमच्या रेट कार्डवर बघा. कमिशन १२ टक्के, आणि ते १,०५० वर लागतं, १,००० वर नाही. झाले १२६. पेमेंट फी २ टक्के, २१ रुपये. शिपिंग ७३. बेरीज २२०. या २२० वर परत १८ टक्के जीएसटी, कारण ही मार्केटप्लेसने तुम्हाला दिलेली सेवा आहे. ते ३९ रुपये ६० पैसे. शिवाय टीसीएस, म्हणजे मार्केटप्लेस तुमच्या नावावर आधीच कापून सरकारला भरतं तो कर. तो मूळ किमतीच्या अर्धा टक्का, ५ रुपये. टीडीएस इथे धरलेला नाही. वैयक्तिक नावावर धंदा असेल, पॅन किंवा आधार दिलेला असेल आणि त्या मार्केटप्लेसवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल तर तो कापत नाहीत. नाहीतर ०.१ टक्का जातो.

तर १,०५० मधून २५९.६० आणि ५ गेले. उरले ७८५ रुपये ४० पैसे. दहा जोडांचे ७,८५४. पहिल्या सेटलमेंटला हाच आकडा बँकेत पडला. इथपर्यंत सगळं गोड आहे.

मग एका गिऱ्हाइकाने चप्पल परत केली. अंगठ्यात बोट जात नाही म्हणे. पैसे तर तुम्हाला आधीच मिळालेत, त्यामुळे मार्केटप्लेस पुढच्या सेटलमेंटमधून वळते करून घेतं. गोंधळ होतो तो इथेच, कारण पुढच्या आठवड्यातल्या भलत्याच ऑर्डरींचे पैसे कमी आल्यासारखे वाटतात.

[स्क्रीनवर: परत आलेल्या ऑर्डरची ओळ]

ती ओळ उघडून वाचू. गिऱ्हाइकाला परत दिले म्हणून वजा १,०५०. कमिशन परत मिळालं, १२६ आणि त्यावरचा जीएसटी २२.६८. टीसीएसचे ५ परत. पण रिटर्न शिपिंग नव्याने लागलं, १०६ आणि जीएसटी १९.०८. गोळाबेरीज वजा १,०२१ रुपये ४० पैसे.

आणि जे परत आलंच नाही, ते या ओळीत दिसतच नाही! जातानाचं शिपिंग ७३ आणि पेमेंट फी २१ ही पहिल्या सेटलमेंटमध्येच कापली गेली होती, ती तशीच गेली. काही ठिकाणी पेमेंट फी परत देतात, काही ठिकाणी कमिशनमधलेही थोडे ठेवून घेतात. रेट कार्डमधला रिटर्नचा भाग वाचल्याशिवाय लिस्टिंग टाकू नका, एवढं माझं ऐका.

७,८५४ मधून १,०२१.४० वजा. निव्वळ पेआउट ६,८३२ रुपये ६० पैसे. हे जुळवायचं असेल तर बँकेची एंट्री घेऊन बसू नका, ऑर्डर आयडी धरा. एका आयडीच्या सगळ्या सेटलमेंटमधल्या ओळी एकत्र केल्या की परत आलेली ऑर्डर वजा २३६ वर थांबली पाहिजे. ७३, २१ आणि १०६ मिळून २००, त्यावर जीएसटी ३६. तुमच्याकडे आकडा त्याहून मोठा निघाला तर बहुतेक वेळा कमिशन परत मिळालेलं नसतं, नाहीतर वजनाचा स्लॅब बदललेला असतो.

खात्यावर आलेले सगळे आपले नसतात, हेही लक्षात घ्या. नऊ जोडांचा ४५० रुपये जीएसटी सरकारला द्यायचाय. पण फीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट ३९२.४० आहे आणि टीसीएसचे ४५ जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या कॅश लेजरला येतात. रोख भरायचे फक्त १२ रुपये ६० पैसे. उरले ६,८२०. क्रेडिट घ्यायचं विसरलात तर तेवढेच पैसे खिशातून जातील. टीसीएसचं पोर्टलवर जाऊन स्वीकारावं लागतं, आपोआप येत नाही.

आता नफा. नऊ जोडांची खरेदी ५,४००, पॅकिंग ३० रुपयांप्रमाणे दहा जोडांचं ३००. हातात राहिले १,१२०. एकही परत आला नसता तर १,५०० राहिले असते. म्हणजे दहात एक रिटर्न, आणि नफ्याचा चौथा हिस्सा साफ! हे झालं परत आलेला जोड नव्यासारखा असेल तर. तो कोणी लग्नात मिरवून, तळाला माती लावून पाठवला आणि विकता येईना, तर आणखी ६०० गेले. मग दहा जोडांच्या मागे ५२० रुपये. लय झालं की हो!

म्हणून रिटर्नचं पार्सल कॅमेऱ्यासमोर फोडा. आधी लेबल दाखवा, मग न थांबता तळ, टाच, कान, अंगठा. मधे कट असलेला व्हिडिओ मार्केटप्लेसकडे भरपाई मागताना, म्हणजे क्लेममध्ये, टिकत नाही. क्लेमची मुदत थोड्याच दिवसांची असते, त्यामुळे "रविवारी बघू" चालत नाही.

खोक्याचंही बघा. कुरिअरवाले काट्यावरचं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारण ५,००० ने भागायचं. बुटाचं खोकं ३० बाय २० बाय १० असेल तर १.२ किलो. चप्पल काट्यावर ८०० ग्रॅम असली तरी दर १.२ चा. कोल्हापुरी चपटी असते, ३० बाय १४ बाय ८ मध्ये बसते, तेच वजन ०.६७ होतं. मग काट्यावरचे ८०० ग्रॅम धरतात आणि तुम्ही एक किलोच्या आत राहता. जाताना वाचतं आणि परत येतानाही वाचतं.

आणि रिटर्न मुळात कशाने येतात? चपलेत बहुतेक मापाने. गिऱ्हाईक बुटाचा नंबर टाकतं, आणि आपल्या कारागिराचा आठ म्हणजे कंपनीचा आठ नव्हे. दुसऱ्या फोटोत पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्या, पट्टी शेजारी ठेवून. कातडं वापरून सैल होतं, पण अंगठा सुरुवातीला घट्टच बसतो, हेही तिथंच लिहा.