चिंचेवरचा पतंग

(दृश्य: पहाट. ओढ्याकाठची चिंच. दूर शाळवाची रानं.)

निवेदन:

बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं हे एक गाव. जानेवारी महिना, संक्रांत दोन दिवसांवर. दिवाळीच्या सुमारास इथली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. कोयता घेऊन आई-बाप गेले की गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. हे सुरुवातीलाच सांगतोय, कारण झाडावर सरसर चढून पतंग काढून देईल असा एकही गडी या आठवड्यात गावात नाही. जे काय करायचं ते जमिनीवरूनच.

पतंग दहा वर्षांच्या पोराचा. काढणारे त्याचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील. पतंग जांभळ्या तावाचा, बाजारात दहा रुपयांना मिळणारा. मग नवा का आणत नाहीत, असं आम्ही विचारलं. पोरगं आमच्याकडं बघतच राहिलं. पुन्हा विचारलं नाही.

(दृश्य: आबा आणि नातू चिंचेखाली. दोघांच्या माना वर.)

काल दुपारी वारा एकदम पडला आणि पतंग गोता खाऊन चिंचेत शिरला. मग पोरानं केलं ते सगळेच करतात. दोरा धरून जोरात ओढला. नाही आला म्हणून आणखी जोरात. शेवटी शिल्लक दोरा खालच्या बाभळीला बांधून ते घरी आलं. रात्री जेवताना आबांनी एवढंच विचारलं, "वढलास का?" पोरानं मान हलवली. "किती येळा?" त्याला उत्तर नव्हतं.

आज ते पहाटेच आलेत. पतंग आत्ताच काढायचा म्हणून नाही, तो नीट दिसावा म्हणून. चिंचेची पानं रात्री मिटतात. बारीक पानांच्या जोड्या संध्याकाळी एकमेकींवर दुमडतात आणि सकाळी ऊन लागलं की पुन्हा उघडतात. दुपारी हेच झाड इतकं दाट दिसतं की आत अडकलेला दोरा शोधून सापडायचा नाही. आत्ता मात्र डहाळ्यांमधून आभाळ दिसतंय आणि दोऱ्याची वाटही.

"कुठून गेलाय सांग बरं," आबा म्हणतात.

पोरगं बोटानं हवेत रेघ ओढतं. बाभळीपासून वर, पहिल्या फांदीवरून, मग आणखी वर, मग पतंग.

"मधी काय हाय?"

मध्ये एक डहाळी आहे. बोटाएवढी जाड, सरळ वर तोंड करून उभी. दोऱ्याला तिच्याभोवती वेढे बसलेत, दोन किंवा तीन. पतंग त्या वेढ्यांच्या पलीकडं लोंबतोय. म्हणजे पतंग स्वतः कुठंच रुतलेला नाही, दोरा त्याला धरून बसलाय.

(दृश्य: जवळून. आबांच्या हातात एक काडी, तिच्यावर सुतळीचे वेढे.)

आबा खाली पडलेली एक वाळकी काडी उचलतात, उभी धरतात, तिच्यावर सुतळीचे दोन वेढे देतात आणि सुतळीचं टोक खाली ओढतात. वेढा घसरत जातो आणि काडीला जिथं फाटा फुटलाय तिथं जाऊन घट्ट बसतो. "काल तू हे केलंस." मग ते सुतळी सैल सोडतात, वेढ्याखाली बोट घालून त्याला वर ढकलतात. काडी शेंड्याकडं निमुळती असते. वेढा वर जाता जाता ढिला होतो आणि शेंड्यावरून निसटून पोराच्या पायाशी पडतो.

"मंग वर ढकलायचा?"

"वरच. खाली वढायचं नाव न्हाई."

एवढं बघून झालं आणि आम्हाला वाटलं, आता काम सुरू. पण आबांनी धोतराचा सोगा आवरला आणि ते बांधावर टेकले. तास-दीड तास काही नाही. कॅमेरा लावून उभ्या माणसाला याचा वैताग येतो, हे कबूल केलं पाहिजे. कारण विचारलं तर त्यांनी बांधावरचं गवत मुठीत धरून ओला हात दाखवला. दंव. पतंगाचा पातळ ताव रात्रभर दवात भिजलेला असतो. तशा कागदाला डहाळी नुसती घासली तरी तो फाटतो. म्हणून दंव वाळायला हवं. पण फार उशीर करूनही चालत नाही, कारण ऊन चढलं की वारा सुटतो आणि हलत्या डहाळीवर वेळूचं टोक नेमकं लावता येत नाही. दंव वाळलंय आणि वारा अजून सुटलेला नाही, अशी मधली थोडी वेळ मिळते. पतंग झाडाच्या पूर्वेच्या अंगाला आहे, तिथं ऊन आधी पोचतं. तेवढं एक बरं.

(दृश्य: पोरगं काठी उभी धरून एक डोळा मिटून मागं मागं सरकतंय.)

बसल्या वेळात उंचीचा हिशोब झाला. आबांनी पोराला एक काठी दिली, त्याच्या डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, मुठीच्या वर तेवढीच लांब. हात ताठ, काठी उभी, एक डोळा बंद. मूठ पतंगाच्या खालच्या जमिनीच्या रेषेत आणि काठीचं टोक पतंगावर येईपर्यंत मागं जायचं. जिथं दोन्ही जुळलं तिथून पतंगाच्या बरोबर खालच्या जागेपर्यंतचं अंतर म्हणजे जवळजवळ पतंगाची उंची. पोरगं थेट बुंध्याकडं मोजत निघालं तेव्हा आबांनी हटकलं. पतंग बुंध्यावर नाही, बाहेरच्या फांदीवर आहे. माप त्याच्या खालूनच घ्यायचं. अंतर भरलं सोळा हात. दीड फुटाचा हात धरला तर चोवीस फूट.

वेळू छातीशी धरला की चार फूट तिथंच मिळतात. राहिले वीस. घरात दोन वेळू होते, एक बारा फुटी, एक दहा फुटी. दोन फूट एकमेकांवर चढवून बांधले की बरोबर वीस. बांधताना जाड वेळू खाली, बारीक वर. आणि सुतळी एकाच जागी नाही, जोडाच्या दोन्ही टोकांना आवळायची. एकाच जागी बांधलं तर वरचा वेळू खिळ्याभोवती फिरावा तसा फिरतो.

वरच्या वेळूला एरवी चिंचा पाडायची लोखंडी आकडी असते. आज ती काढली. आकडी ओढायच्या कामाची, इथं तर ढकलायचंय. तिच्या जागी बोराटीची एक वीतभर काटेरी डहाळी बांधली. दोरा तिच्या काट्यात अडकतो, वेळू हातात फिरवला की तिच्यावर गुंडाळला जातो. फक्त काटा कागदाला लागू द्यायचा नाही.

(दृश्य: आबा वेळू जमिनीवर आडवा ठेवतात. कॅमेरा वेळूच्या टोकापासून विजेच्या तारांकडं.)

वेळू उभा करण्याआधी आबांनी तो जमिनीवर टाकला आणि चारी बाजूंनी फिरवून पाहिला. हातातून निसटून तो आडवा पडला तर विजेच्या तारेला लागेल का, एवढंच बघायचं होतं. इथली तार पश्चिमेला, ओढ्यापलीकडं, चांगली लांब आहे. ती वेळूच्या टप्प्यात असती तर आबा पतंगाला रामराम करून घरी गेले असते. ओला किंवा हिरवा वेळू वीज वाहून नेतो, आणि वेळू लाकडाचा आहे म्हणून बिनधास्त राहणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसतं. पतंग तारेवरच अडकला असेल तर तो सोडून द्यायचा. तारेला काही लोंबत राहिलं असेल तर महावितरणला 1912 वर कळवायचं.

चिंचेच्या खालच्या फांदीला आणखी एक दोरा लोंबत होता. हिरवट, चकचकीत. नायलॉनचा मांजा, कधीचा कोण जाणे. 2017 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं त्याच्यावर देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो आणि झाडांवर दिसतो. सुती दोरा पावसापाण्यात कुजून तुटतो. हा कुजत नाही, पाखरांच्या पंखात आणि पायात अडकत राहतो. आबांनी त्याला बोट लावलं नाही. काठीवर गुंडाळून काढला, विळ्यानं बारीक तुकडे केले आणि पिशवीत टाकले.

(दृश्य: वेळू उभा राहतोय. बुडाला आबांचा पाय, टोकाकडून पोरगं उचलत येतंय.)

आता खरं काम, आणि ते फार वेळाचं नाही. पोरानं बाभळीची गाठ सोडून दोरा मोकळा केला. वेळूचं बूड आबांच्या पायाशी, पोरगं टोकाकडून हातावर हात टाकत पुढं येतं, तसा वेळू उभा होतो. वीस फुटांचा वेळू वरती डुलतो. आबा तो डुलणं थांबेपर्यंत थांबतात. मग टोक पतंग आणि डहाळीच्या मधल्या दोऱ्याखाली नेतात आणि मनगटानं वेळू सावकाश फिरवतात. दोरा काट्यात धरला.

"सैल सोड. आणखी सोड."

वेळू वर सरकतो. वेढा हलत नाही. काल ओढून ओढून तो फाट्यात चांगलाच रुतलाय. आबा जोर लावत नाहीत. वेळू इंचभर खाली घेतात, पुन्हा वर. डहाळी थरथरते, दोन गाभुळलेल्या चिंचा टपकन खाली पडतात. पोरगं त्यांच्याकडं बघतसुद्धा नाही. मग वेढा फाट्यातून सुटतो आणि वर चढायला लागतो. एक निघाला. दुसरा शेंड्याच्या पानात अडला, तिथं आबांनी वेळू जरासा बाहेरच्या अंगाला झुकवला आणि तोही निघाला.

पतंग गिरक्या घेत खाली येतो. पोरगं झेलायला धावलं तसे आबा ओरडले, "दोरा धर! कागुद नगं!" धावत्या हाताचं बोट कागदातून आरपार जातं, हे त्यांनी पाहिलेलं असणार.

(दृश्य: ओटा. वाटीत खळ. पतंग पालथा.)

उजव्या अंगाला बोटभर फाटलंय. ज्वारीच्या पिठाची खळ शिजवून आबांनी तावाचा तुकडा चिकटवला. मग तेवढाच दुसरा तुकडा कापला आणि डाव्या अंगाला, जिथं काहीच फाटलेलं नव्हतं, तिथं लावला.

"हितं कामून, आबा? हितं तर चांगला हाय."

आबांनी मधल्या काडीला दोन्ही टोकांशी बोटं लावून पतंग उचलला. तो कुठंच कलला नाही. डाव्या अंगाचा तुकडा ओला होता, तेवढ्यात त्यांनी तो सोलून काढला. पतंग लगेच उजवीकडं झुकला. वर गेला असता तर त्याच अंगाला गरगरत राहिला असता. तुकडा परत चिकटवला आणि पतंग उन्हात ठेवला.

दुपारी दोघं तुरीच्या मोकळ्या रानात गेले. तूर काढून झालीय, नुसती धसकटं उरलीत. पोरगं सवयीनं बांधाशी उभं राहायला निघालं. आबांनी चिमूटभर माती वाऱ्यावर सोडली. ती ज्या दिशेला गेली तिकडं, दोऱ्याच्या लांबीइतक्या अंतरात, एकही झाड नसेल अशी जागा त्यांनी शोधायला लावली. ती मिळेपर्यंत पोराला अख्खं रान ओलांडावं लागलं.

"हितं?"

"हितं. आन वारा पडला तर काय करशील?"

"गुंडाळीन. भराभरा."

"मंग सोड."