यकृताचे कार्ड कोठे ठेवावे?

(शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

शिक्षक बंधुभगिनींनो, पचनसंस्था शिकवताना अवयवांची कार्डे मुलांना द्यायची आणि ‘क्रमाने लावा’ असे सांगायचे, ही आपली नेहमीची रीत आहे. मीही अनेक वर्षे तसेच करीत होतो. चोपडा तालुक्यातील एका वर्गात मी मुख, अन्ननलिका, जठर, लहान आतडे, मोठे आतडे, मलाशय, गुदद्वार आणि यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड अशी दहा कार्डे दिली, तेव्हा जवळपास प्रत्येक गटाने यकृत जठराच्या आणि लहान आतड्याच्या मध्ये ठेवले. मुलांचा दोष नव्हता; दहा कार्डांची एकच रांग मागून मीच त्यांना सांगितले होते की अन्न या दहाही जागांमधून जाते.

त्यानंतर मी प्रश्न बदलला. आता मी जमिनीवर एक नाडा पसरतो आणि मुलांना म्हणतो, “हा कळण्याच्या भाकरीच्या घासाचा रस्ता आहे. घास ज्या अवयवाच्या आत शिरतो, तेच कार्ड नाड्यावर ठेवा. बाकीची हातातच राहू द्या.” एवढ्याने मुले प्रत्येक कार्डापाशी थांबून विचार करू लागतात. नाड्यावर सात कार्डे येतात आणि तीन हातात उरतात. क्रमातली एक चूक मात्र तरीही होते: काही मुले मोठे आतडे लहान आतड्याच्या आधी ठेवतात, कारण नावावरून त्यांना मोठ्यातून लहानात जाणे स्वाभाविक वाटते. अशा वेळी सुमारे सहा मीटर आणि दीड मीटर लांबीचे दोन नाडे शेजारी धरावेत आणि विचारावे, यांपैकी लहान आतडे कोणते? लांब नाडा लहान आतड्याचा आहे हे कळल्यावर, ‘लहान’ आणि ‘मोठे’ ही नावे लांबीवरून नव्हे, रुंदीवरून पडली आहेत, हे मुले स्वतःच सांगतात.

हातात उरलेल्या तीन कार्डांसाठी प्रतिकृती लागते. घट्ट बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी हे जठर. तिच्यात भाकरीचा चुरा, अर्धा कप पाणी, दोन चमचे लिंबाचा रस आणि एक चमचा तेल घालावे. भरितावर तेलाचा तवंग रोज पाहणाऱ्या आपल्याकडील मुलांना ते का घातले हे सांगावे लागत नाही. पाच मिनिटे पिशवी हातांनी दाबत राहावे. चुऱ्याचा लगदा होतो, पण तेल पुन्हा वर येते. लिंबाचा रस येथे फक्त जठरातील आम्लाची आठवण करून देतो, तो भाकरी पचवत नाही, हे त्याच वेळी स्पष्ट सांगावे. नाहीतर पचन म्हणजे केवळ कुस्करणे, असा समज मुलांच्या मनात घर करतो.

आता वरचे तेलकट पाणी काचेच्या बाटलीत ओतावे. ही बाटली म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग. ती हलवली की तेलाचे थेंब होतात, पण दोन मिनिटे थांबल्यावर ते एकत्र येऊन पुन्हा थर धरतात. मग भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक चमचा घालून बाटली पुन्हा हलवावी. पाणी दुधाळ होते आणि तेलाचा थर लवकर परत येत नाही. पित्तरस हेच करतो: तेलाचे बारीक थेंब करतो. तेल खरोखर पचवणारे विकर स्वादुपिंडाच्या रसात असते, आणि थेंब बारीक झाल्यामुळे त्याला काम करायला अधिक पृष्ठभाग मिळतो. साबणाने तेल ‘पचले’ असे मात्र कधीही म्हणू नये. घाईत साबण पहिल्याच पिशवीत घातला, तर मुले पित्ताशयाचे कार्ड जठराला जोडतात. त्यांच्या कार्डांवरून शिक्षकाची चूक ओळखता येते.

यानंतर मुले तिन्ही कार्डे नाड्याच्या बाजूला ठेवतात. यकृतापासून पित्ताशयाकडे आणि तेथून लहान आतड्याच्या आरंभाकडे एक हिरवा धागा जातो, आणि स्वादुपिंडाचा धागाही त्याच जागी येऊन मिळतो. रस्ता अन्नाचा, धागे रसांचे.

त्या वर्गातील एका मुलीने विचारले, “सर, भाकरी यकृतात जातच नाही, तर मग यकृताला काय मिळते?” हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण ज्यांनी यकृत रांगेत ठेवले होते त्यांच्या मनातील शंका तिने नेमकी पकडली होती. भाकरीतील पिष्टमय पदार्थांची साखर झाली की ती लहान आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरते, आणि आतड्याकडून निघालेले हे रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातूनच जाते. तेलाचा बहुतेक अंश मात्र त्या वाटेने न जाता लसिकावाहिन्यांतून जातो. मी तिच्या हाती लाल धागा दिला. तिने त्याचे एक टोक लहान आतड्याच्या कार्डावर ठेवले आणि दुसरे यकृतावर.