परिचयपत्रात काय लिहायचं, आणि भेटीत काय सांगायचं

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या लग्नाच्या परिचयपत्राची पीडीएफ असेल, आणि ती चार-पाच ग्रुपवर गेलेलीही असेल. अशी परिचयपत्रं बाहेर पडण्याआधी मी वाचून देते. आज एकच परिचयपत्र घेऊन बसूया. ते कुणा एका मुलीचं नाही. अनेकांच्या कागदांत पुन्हा पुन्हा जे दिसतं, ते एकत्र करून मी ते तयार केलं आहे.

मुलगी २९ वर्षांची. घर सहकारनगरला, नोकरी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत. परिचयपत्र बाबांनी लिहिलंय, ते बँकेतून निवृत्त झालेत. पहिल्या पानावर पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, नक्षत्र, चरण, नाडी, गण. मग शिक्षण, कंपनीचं नाव, ‘पॅकेज १८ लाख’, ‘रावेतला स्वतःचा २ बीएचके फ्लॅट’. दुसऱ्या पानावर आई-बाबा, धाकटा भाऊ, बहीण, मेहुणे आणि त्यांची कंपनी, दोन मामा गावांच्या नावांसह, घराचा संपूर्ण पत्ता, मुलीचा आणि बाबांचा मोबाइल. अपेक्षा एका ओळीत: सुशिक्षित, निर्व्यसनी, अनुरूप.

आणि एक गोष्ट कागदावर नाही. मुलीला चौदाव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह आहे, ती रोज इन्सुलिन घेते.

मी प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारते. हे खरं आणि पूर्ण आहे का? आणि हे नक्की कोणाला, केव्हा कळायला हवं? दुसरा प्रश्न घरात सहसा कुणी विचारत नाही. म्हणून मामांचं गाव शेकडो अनोळखी लोकांना कळतं आणि मधुमेह मात्र ज्याला कळायला हवा, त्याला साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात कळतो.

पैशांपासून सुरुवात करते. पॅकेज १८ लाख हे खोटं नाही, ऑफर लेटरवर तेच आहे. पण त्यातले दोन लाख कामगिरीवर अवलंबून आहेत, मिळतील किंवा कमी मिळतील. कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद मिळून सव्वा लाखाच्या आसपास रक्कम त्याच आकड्यात धरलेली असते. निश्चित पगार उरतो साधारण पावणेपंधरा लाख. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ, व्यवसाय कर आणि नव्या करप्रणालीतला प्राप्तिकर वजा केला, की महिन्याला हातात येतात सुमारे एक लाख आठ हजार. समोरचं कुटुंब मात्र १८ ला १२ ने भागतं आणि दीड लाख धरून चालतं.

आता फ्लॅट. तो मुलगी आणि बाबा यांच्या संयुक्त नावावर आहे. ४५ लाखांचं कर्ज आहे, २० वर्षांचं. साडेआठ टक्के दराने हप्ता ३९ हजारांच्या आसपास बसतो आणि तो पूर्णपणे मुलगी भरते. लग्नानंतरही भरणार आहे, कारण आई-बाबा तिथेच राहायला जाणार आहेत. ‘स्वतःचा फ्लॅट’ या दोन शब्दांत यातलं काहीच कळत नाही. ज्या मुलाशी तिचं लग्न होईल, त्याला पहिल्याच वर्षी वाटेल की आपल्यापासून हे लपवलं. तिने लपवलं नव्हतं. कागद लिहिताना कुणाला ते सांगावंसं वाटलं नाही, इतकंच. पण त्याच्यासाठी परिणाम तोच.

म्हणून मी त्या दोन ओळी अशा करून दिल्या: ‘निश्चित वार्षिक वेतन १४ ते १५ लाखांच्या दरम्यान (कर व पीएफ वजा होण्याआधी). वडिलांसह संयुक्त नावावर फ्लॅट, गृहकर्ज सुरू; हप्ता लग्नानंतरही मी भरणार आहे.’ कर्जाची रक्कम नाही, बँक नाही, रावेत नाही. ते आकडे दोन्ही घरं समोरासमोर बसतील तेव्हा. हप्त्याची ओळ काही स्थळं दूर ठेवील असं बाबा म्हणाले. ठेवील. जी ठेवील, ती स्थळं या मुलीसाठी नव्हतीच, आणि ते सहा भेटींनंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं मला हजार वेळा बरं वाटतं.

मधुमेहाबद्दल माझं मत बाबांना आधी पटलं नाही. मी तो कागदावर लिहा असं म्हणतच नव्हते. आजार ग्रुपवर टाकायचा नसतो. तो एकदा फॉरवर्ड झाला की नात्यात, सोसायटीत, ऑफिसात कुठेही पोहोचतो आणि परत घेता येत नाही. पण ‘सगळं जुळून आलं की सांगू’ हेही चालणार नाही. पहिली भेट चांगली झाली आणि दोघांना पुन्हा भेटावंसं वाटलं, तर दुसऱ्या भेटीत मुलीने स्वतः सांगायचं: केव्हापासून आहे, काय उपचार चालू आहेत, रोज काय पाळावं लागतं. मध्यस्थाकरवी नाही, आईने आईला फोन करूनही नाही. समोरच्याने तिच्या डॉक्टरांशी बोलायचं म्हटलं तर घेऊन जायचं.

याला कायद्याचीही एक बाजू आहे. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १२. दुसऱ्या व्यक्तीविषयीच्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत फसवून संमती मिळवली असेल, तर तो विवाह रद्द ठरवून मागता येतो. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यावरही राजीखुशीने एकत्र राहिलं असेल तर तो मार्ग उरत नाही. कुठली बाब महत्त्वाची ते न्यायालय प्रकरण पाहून ठरवतं, त्यामुळे प्रत्येक न सांगितलेली गोष्ट म्हणजे फसवणूक असं कुणी समजू नये. घरासाठी कसोटी सोपी आहे: ही गोष्ट आधी कळली असती तर समोरच्याने कदाचित वेगळा निर्णय घेतला असता, असं आपल्यालाच वाटतं का? वाटत असेल, तर ती होकाराआधी सांगायची. आधीचं लग्न आणि घटस्फोट मात्र मी याहून आधी, कागदावरच लिहायला सांगते, एका ओळीत, हुकूमनाम्याच्या वर्षासह. कारणं भेटीत.

आता जे कागदावर नको ते. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

जन्मतारीख. पत्रिका पाहायची तर तारीख आणि वेळ लागणारच, असं सगळे म्हणतात. पण छत्तीस गुणांचं मेलन चंद्राच्या राशी-नक्षत्र-चरणावरून होतं. तुमच्याकडे नक्षत्र आणि चरण लिहिलेलं आहे, म्हणजे समोरच्याला गुण काढता येतात. मंगळासाठी पूर्ण कुंडली लागते, तर ‘मंगळ आहे’ किंवा ‘नाही’ एवढं लिहा. जन्मतारीख आणि वेळ गुण जुळल्यावर त्या एका घराला द्या. एक बारकावा मात्र सांभाळा. काही जण तारीख काढतात आणि महिना-वर्ष ठेवतात. चंद्र सुमारे २७ दिवसांत सगळी नक्षत्रं फिरतो, एका नक्षत्रात जेमतेम एक दिवस असतो. महिना, वर्ष आणि नक्षत्र दिलं, की पंचांग उघडून कुणीही तुमची तारीख काढेल, फार तर तीन-चार पर्याय उरतील. म्हणून नक्षत्र द्यायचं असेल तर फक्त वय.

तारखेचं एवढं काय? बँकांच्या कितीतरी स्टेटमेंटचा पासवर्ड जन्मतारखेवर बेतलेला असतो. डाउनलोड केलेल्या ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. ते तर वयावरूनही निघतं. म्हणून पडताळणीसाठी कुणी आधारची पीडीएफ मागितली तर ती पाठवायचीच नाही. ‘मास्क्ड’ आधार मिळतं, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. तेही भेटीत दाखवायचं.

मामा. दोन मामांची नावं आडनावासह, म्हणजे आईचं माहेरचं आडनाव छापलंच. हा प्रश्न आजही काही ठिकाणी ओळख पटवायला विचारतात. आजोळ सांगण्याची आपली रीत मला मान्य आहे, नातं तपासायला ते लागतंच. पण ‘आजोळ सातारा जिल्हा’ इतकं पहिल्या फेरीला पुरतं. मेहुण्यांना तर कुणी विचारलेलंच नसतं. त्यांचं नाव आणि त्यांची कंपनी तुम्ही त्यांच्या परवानगीशिवाय वाटताय. ‘एक विवाहित बहीण, पुण्यात’ एवढं लिहा.

आता बाबांची ओळ. ‘बँकेतून निवृत्त’, शेजारी मोबाइल, खाली फ्लॅट क्रमांकासह पत्ता. निवृत्तीची रक्कम कुणाकडे आहे, त्याचं नाव काय, घरात लग्नाचं आहे, हे सगळं एका पानावर. मग फोन येतो: ‘तुमच्या मुलीचं परिचयपत्र आमच्या मंडळाकडे आलंय, अमेरिकेचं स्थळ आहे, नोंदणीसाठी फक्त एवढे भरा.’ मुलीचं नाव, नक्षत्र, मामांचं गाव सगळं बरोबर सांगतात, म्हणून विश्वास बसतो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

पत्त्याऐवजी ‘दक्षिण पुणे’ लिहा. मुलीचा नंबर काढा. फक्त या कामासाठी एक वेगळं सिम घ्या आणि ते आई किंवा बाबांकडे ठेवा. लग्न ठरलं की बंद करता येतं. कंपनीच्या नावाऐवजी क्षेत्र आणि पद. फोटोत गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र, मागची सोसायटीची पाटी, गाडीचा नंबर दिसतोय का पाहा. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला तेही फाइलमध्ये नोंदलं जातं, आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती नोंद तशीच पुढे जाते.

काही पालक जुन्या पीडीएफवर नंबराच्या जागी काळी पट्टी काढून देतात. ती पट्टी अनेकदा नुसती वर ठेवलेली असते, खालचा मजकूर निवडून कॉपी केला की नंबर निघतो. तुम्ही स्वतः करून पाहा. मूळ फाइलमधून ओळ काढून नवी पीडीएफ बनवणं हाच खात्रीचा मार्ग.

राहिली अपेक्षांची ओळ. ‘अनुरूप’ वाचून कुणालाही वाटतं, ते मीच. मुलीला विचारून आम्ही लिहिलं: ‘लग्नानंतर नोकरी चालू राहणार. पुणे किंवा मुंबई. परदेशी दोन-तीन वर्षं चालेल, कायमचं नको. स्वयंपाक आणि घरकाम दोघांनी.’ हे तिने सांगितलं तेव्हा बाबांनी पहिल्यांदाच ऐकलं.

पूर्ण कागद दीड पानावरून पाऊण पानावर आला. शेवटी प्रत्येक ग्रुपसाठी तळाशी एक वेगळं छोटं चिन्ह टाका, कुठे एक टिंब, कुठे दोन. अनोळखी फोन आला की ‘मला तो कागद पाठवा’ म्हणायचं. टिंबं मोजली की तो कुठून बाहेर गेला ते कळतं, आणि त्या ग्रुपच्या संचालकांना फोन करून तो काढायला सांगता येतो.

आता प्रश्न घेऊया. ज्यांनी परिचयपत्रं आणली आहेत, त्यांनी आधी मामांची ओळ काढून माझ्याकडे द्या.