आधी काय दिसतं ते सांगा

(कलाशिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मुलांची चित्रं भिंतीला लावायची आणि 'आता एकमेकांच्या चित्रांवर बोला' म्हणायचं, हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा एका तासात तीस चित्रं उरकायचा माझा बेत होता. पहिल्या सात चित्रांना 'छान आहे' मिळालं. आठव्या चित्रातल्या घोड्याला मागून कुणीतरी कुत्रा म्हणालं, वर्ग खदाखदा हसला, आणि तो घोडा काढणारा मुलगा उठून आपला कागद भिंतीवरून उतरवून घेऊन गेला. मी 'हसू नका' म्हणाले, दुसरं काय म्हणणार? आता सांगायला हरकत नाही, तो घोडा खरोखरच कुत्र्यासारखा दिसत होता. शेरा चुकीचा नव्हता. पण तो ऐकून त्या मुलाला कागदावर नेमकं काय करता आलं असतं? मान आखूड झालीय, की पाय धडाच्या मानाने बुटके आहेत, की तोंडाचा आकार फसलाय, यातलं काहीच त्या शेऱ्यात नव्हतं. आणि 'छान आहे'मध्येही नव्हतं. ज्या सात जणांना ते मिळालं, तेही तसेच रिकाम्या हाताने परत गेले, फक्त रडले नाहीत इतकंच.

तेव्हापासून मी मुलांना 'नीट बोला, आदराने बोला' असं सांगणं जवळजवळ बंद केलंय. त्याऐवजी बोलण्याचा क्रम ठरवून देते. आज मला त्या क्रमाबद्दलच बोलायचं आहे. हा सगळा माझ्या डोक्यातून आलेला नाही. लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० मध्ये कलाकृतीवर प्रतिसाद देण्याची चार पायऱ्यांची एक पद्धत मांडली. आधी पाहणाऱ्यांनी काय भिडलं ते सांगायचं, मग कलाकाराने प्रश्न विचारायचे, मग पाहणाऱ्यांनी मताचा रंग नसलेले प्रश्न विचारायचे, आणि सगळ्यात शेवटी, कलाकाराची परवानगी घेऊन, मत द्यायचं. ती नाचासाठी होती, पण चित्राच्या वर्गात चपखल बसते. मी त्यात एकच बदल केला. पहिल्या पायरीवर मुलांना 'काय भावलं' विचारलं की ती पुन्हा 'छान'वर येतात, म्हणून मी 'काय दिसतं' एवढंच विचारते.

उदाहरण घेऊ. आठवीतल्या एका मुलीने कोळशाने एक खोली काढली होती: खिडकी, खिडकीपाशी रिकामी खुर्ची, बाकी काही नाही. चित्र अर्धंअधिक झालं होतं आणि त्यावर फिक्सेटिव्ह मारलेलं नव्हतं. हे मुद्दाम सांगते. कोळसा कागदावर सुटा असतो तोवर कापडाने पुसता येतो, मऊ खोडरबराने उचलता येतो. फिक्सेटिव्ह मारलं की तो बसला. जलरंगात हीच वेळ पहिले फिके थर वाळल्यावर आणि गडद रंग लावण्याआधी येते, कारण कागदाचा पांढरा एकदा झाकला गेला की तो पहिल्यासारखा परत मिळत नाही. चित्र पूर्ण करून, चौकटीत बसवून मग मुलांना त्यातल्या उणिवा ऐकायला लावणं मला निर्दयपणाचं वाटतं. त्या ऐकून ती करणार काय?

तर चित्र फळ्यावर डोळ्यांच्या उंचीला लावलं आणि मुलांना चारपाच पावलं मागे उभं केलं. जवळून पाहिलं की मुलं रेघांवर अडकतात, लांबून उजेड-अंधाराचे तुकडे दिसतात. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. हे दोन मिनिटं गप्प राहणं घड्याळ लावून पाळते, कारण पहिल्या दहा सेकंदांत जी टिंगल सुचते ती दोन मिनिटांनी शिळी होते.

मग विचारलं, काय दिसतं? चांगलं-वाईट नको, फक्त दिसतं ते. एकजण म्हणाला, खिडकीची चौकट सगळ्यात काळी आहे. दुसरी म्हणाली, खुर्ची करडी आहे, भिंतही करडी आहे. तिसरा म्हणाला, खुर्चीची सावली डावीकडे पडलीय आणि खिडकीच्या कठड्याची उजवीकडे. आणखी एकाने सांगितलं की खुर्चीचा मागचा पाय जमिनीच्या रेषेच्या थोडा वरच संपतो. इथे मागून 'खुर्ची उडतेय' असं आलंच. मी रागावले नाही. 'उडतेय असं तुला कशावरून वाटलं, बोट ठेवून दाखव,' एवढंच म्हणाले. तो पुढे आला आणि त्याने तोच पाय दाखवला. हसण्याचं निरीक्षण झालं. हा प्रश्न माझ्या सगळ्यात जास्त उपयोगाचा आहे. कौतुक असो की टोमणा, 'कशावरून?' विचारलं की बोलणाऱ्याला पुन्हा कागदाकडे पाहावंच लागतं. ज्याला कागदावर काहीच दाखवता येत नाही, तो आपणहून गप्प बसतो.

एवढा वेळ ती मुलगी काही बोलली नव्हती. बोलायचं नाही असाच नियम आहे. नाहीतर मूल पहिल्या वाक्यालाच 'ते अजून व्हायचंय', 'मला घाई झाली होती' असं सांगत सुटतं आणि ऐकायचं राहून जातं. आता तिची पाळी. चित्र लावण्याआधीच मी प्रत्येकाकडून एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेते. तिने आधी लिहिलं होतं, 'माझं चित्र कसं वाटतं?' मी ती परत दिली. असल्या प्रश्नाला 'छान' हेच उत्तर येणार. दुसऱ्यांदा तिने लिहिलं, 'कुणीतरी नुकतंच उठून गेलंय असं वाटतं का?'

पाहा, या एका प्रश्नाने चर्चेचं माप ठरलं. आता खुर्ची हुबेहूब आहे का हा मुद्दाच उरला नाही. तिला जे हवंय ते होतंय का, एवढंच पाहायचं. मुलं म्हणाली, नाही, रिकामी वाटते पण कुणी गेल्यासारखं वाटत नाही. कशावरून? नजर सारखी खिडकीकडे जाते. का जाते, तर तिथे सगळ्यात काळा रंग सगळ्यात पांढऱ्याला चिकटून आहे. खुर्ची भिंतीत विरघळलीय. हे निदान मुलांनी केलं, आणि सुरुवातीच्या दोन निरीक्षणांतूनच केलं. मी फक्त ती दोन वाक्यं फळ्याच्या कडेला लिहून ठेवली होती.

तिसरी पायरी म्हणजे पाहणाऱ्यांचे प्रश्न, आणि ती शिकवायला सगळ्यात जड जाते. मुलांनाच काय, आपल्यालाही. 'दोन सावल्या दोन दिशांना का काढल्यास?' हा प्रश्न वाटतो, पण त्याच्या पोटात 'चुकलीस' दडलेलं आहे. त्याऐवजी 'उजेड कुठून येतो असं तू धरलंस?' असं विचारलं की तिला खरंच उत्तर द्यावं लागतं. तिने दिलं: खिडकीतून, आणि शिवाय खोलीत एक दिवा आहे, तो चित्रात दिसत नाही. म्हणजे दोन सावल्या तिने ठरवून काढल्या होत्या! प्रश्न पहिल्या तऱ्हेने विचारला असता तर तिने बहुधा मान खाली घालून सावली पुसली असती. मुलांना ओळखायची खूण मी अशी देते: उत्तर तुला आधीच ठाऊक असेल, तर तो प्रश्न नव्हे.

शेवटी मत. ते द्यायला परवानगी मागायची: 'खुर्चीच्या पायाबद्दल मला काही सुचवायचंय, सांगू का?' विषय सांगून मागायची, मोघम नाही. आणि 'नको' म्हणण्याची मुभा खरी असली पाहिजे. वर्षभरात दोनचार मुलं 'नको' म्हणतात. तेव्हा शिक्षकाने 'अगं, ऐकून तर घे' म्हटलं, की पुढच्या वेळेपासून सगळ्यांचा 'हो' खोटा. एक नियम मात्र मी मोडू देत नाही. दुसऱ्याच्या कागदावर कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. सुचवायचं असेल तर वर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर काढा. कोळशावर ठेवताना तो घासू नका, नाहीतर खालचं चित्र फासतं. हा नियम मला एका मुलाने शिकवला. मी भराभर त्याचं नाक दुरुस्त करून दिलं, तर तो म्हणाला, 'बाई, आता हे तुमचं झालं.' पुढे त्याने ते चित्र पूर्ण केलंच नाही.

या साऱ्याला एका चित्रामागे बारा मिनिटं लागतात. पंचेचाळीस मिनिटांत तीनच चित्रं होतात, तेव्हा तीसचा विचारही नको. त्या तीन चित्रांवर क्रम अंगवळणी पडला, की बाकीची मुलं पुढच्या तासांना चारचारच्या गटांत हेच करतात. गटात जिवलग मित्र एकत्र बसवू नका आणि हाडवैरीही नको.

बिघडतं कुठे? एक तर शिक्षकच पहिला बोलतो तिथे. मी 'वा, खिडकी मस्त जमलीय' म्हटलं, की खिडकीबद्दलची उरलेली तोंडं बंद. मी शेवटी बोलते, आणि पुष्कळदा बोलायला काही उरतच नाही. दुसरं, वर्गात ज्याचा हात चांगला म्हणून नाव आहे, त्याच्या मताला सगळे माना डोलावतात. म्हणून निरीक्षणं आधी चिठ्ठीवर लिहून घ्यायची आणि वाचून मी दाखवायची, नावाशिवाय. तिसरं, त्याच तासाला गुण देऊ नका. आकडा ऐकला की चर्चेतलं काही आठवत नाही, मुलं शेजाऱ्याचा आकडा विचारत बसतात.

व्यक्तिचित्रांचं मात्र वेगळं आहे. वर्गातलंच कुणी बसवून काढलं असेल, तर 'नाक केवढं आहे' हा शेरा चित्राला लागतो की बसलेल्या मुलीला, हे कुणालाच कळत नाही. तिथे 'चित्रातलं नाक', 'चित्रातला जबडा' असंच बोलायचं, आणि मापं सांगायची: डोळ्यापासून हनुवटीपर्यंतचं अंतर कपाळाच्या मानाने किती आहे? तरीही अवघडतं. बाराचौदा वर्षांच्या मुलांसाठी मी व्यक्तिचित्रं साऱ्या वर्गासमोर घेतच नाही, आरशात पाहून काढलेलं स्वतःचं चित्र तर नाहीच. ती जोडीने, कोपऱ्यात बसून बघावीत. सारं काही सगळ्यांपुढे उघडं बोललं पाहिजे, हे मला पटत नाही.

तास संपताना प्रत्येकाने चिठ्ठीच्या मागे दोन ओळी लिहायच्या: यातलं काय करणार आणि काय करणार नाही. दुसरी ओळ रिकामी आली तर मी परत पाठवते, कारण सगळंच मान्य करणारं मूल बहुधा आपल्याला खूश करत असतं. त्या मुलीने लिहिलं होतं: 'चौकट रबराने फिकी करणार, खुर्चीची पाठ काळी करणार, मागचा पाय खाली आणणार. दुसरी सावली पुसणार नाही.' पुढच्या तासाला तिने खुर्चीवर एक चुरगळलेली उशीही काढून आणली होती. ती कुणी सुचवली नव्हती.