शोभेच्या दारूतला निळा रंग

(दृश्य : रात्रीच्या आकाशात फुटणारे लाल, हिरवे आणि पिवळे बाण.)

विद्यार्थी मित्रांनो, शोभेचे दारूकाम पाहताना एक गोष्ट लक्षात घ्या. लाल, हिरवा आणि पिवळा हे रंग आकाशात ठळक उठून दिसतात; निळा मात्र क्वचितच दिसतो आणि दिसला तरी बहुधा फिकट असतो. निळा रंग देणारा पदार्थ दुर्मिळ असल्यामुळे असे घडत नाही, कारण तो पदार्थ म्हणजे आपल्या ओळखीचे तांबे आहे.

आकाशात फुटणाऱ्या बाणाच्या पोटात दारूच्या छोट्या, घट्ट गोळ्या भरलेल्या असतात आणि आपल्याला दिसणारा रंगाचा प्रत्येक ठिपका म्हणजे अशी एक जळणारी गोळी असते. गोळीत जळणारा पदार्थ असतो, त्याला ऑक्सिजन पुरवणारे रसायन असते आणि रंगासाठी एखाद्या धातूचा क्षार असतो. ज्योतीच्या उष्णतेने या क्षाराची वाफ होते, वाफेतील कणांमधले इलेक्ट्रॉन ऊर्जा घेऊन वरच्या पातळीवर जातात आणि खाली परतताना तीच ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने सोडतात. दोन पातळ्यांमधले अंतर ठरलेले असल्यामुळे प्रकाशाचा रंगही ठरलेला असतो. सोडियमचा पिवळा प्रकाश त्यामुळेच नेहमी 589 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सापडतो.

(दृश्य : प्रयोगशाळेतील बर्नरची ज्योत. शिक्षिका ज्योत-परीक्षा करून दाखवीत आहेत.)

आता तांब्याकडे येऊ. शिक्षिकांनी नायक्रोमच्या तारेच्या टोकावर थोडे मोरचूद घेऊन ते ज्योतीत धरले आहे आणि ज्योत हिरवी झाली आहे. मोरचूद स्वतः निळे असले, तरी स्फटिकाचा रंग आणि ज्योतीचा रंग यांचा एकमेकांशी संबंध नसतो. आता तीच तार हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून पुन्हा ज्योतीत धरली, तेव्हा हिरव्या कडेच्या आत काही क्षण स्वच्छ निळी झाक दिसली. दोन्ही वेळा धातू तोच होता. बदलला तो त्याचा जोडीदार. ज्योतीत तांब्याची गाठ ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्याशी पडली, तर हिरवट प्रकाश मिळतो. आम्लातून आलेला क्लोरीन मिळाला, तर तांब्याचा एक अणू आणि क्लोरीनचा एक अणू मिळून CuCl हा रेणू तयार होतो आणि निळा प्रकाश हाच रेणू देतो. म्हणून निळ्या गोळीत तांब्याच्या क्षाराबरोबर क्लोरीन पुरवणारा पदार्थही घालावा लागतो. पाण्याच्या नळांसाठी वापरतात ते पीव्हीसी त्यासाठी चालते, ही गोष्ट मला फार लक्षणीय वाटते. (हा प्रयोग शिक्षकांनीच करावा. दारूची मिश्रणे तर घरी कधीही तयार करू नयेत, कारण नुसत्या घर्षणानेही ती पेट घेऊ शकतात.)

खरी अडचण यापुढे सुरू होते. CuCl हा रेणू नाजूक आहे. ज्योत थंड असेल तर प्रकाश मंद पडतो, म्हणून ती अधिक तापवावी असे कुणालाही वाटेल. परंतु ज्योत फार तापली की हा रेणूच तुटतो आणि त्याच्याबरोबर निळा रंगही जातो. लाल आणि हिरव्या गोळ्यांत मॅग्नेशियमसारख्या धातूची पूड घालून तेज वाढवता येते. निळ्या गोळीत तोच उपाय केला, तर ज्योत इतकी तापते आणि धातूच्या तप्त कणांचा पांढरा प्रकाश इतका वाढतो की निळा रंग त्यात बुडून जातो. कारागिराला त्यामुळे उष्णतेच्या एका अरुंद पट्ट्यातच काम करावे लागते आणि माझ्या मते त्याच्या कौशल्याची खरी परीक्षा इथेच होते.

दुसरी अडचण आपल्या डोळ्यांची आहे. समान शक्तीचा प्रकाश असला, तरी उजेडाला सरावलेल्या डोळ्याला सोडियमचा पिवळा प्रकाश 450 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशापेक्षा सुमारे 20 पट तेजस्वी भासतो. सोडियम तर मिठात असते, घामात असते आणि पुरेशी शुद्ध न केलेल्या रसायनांतही असते. त्याचा अंश गोळीत राहिला, तरी निळा रंग फिका पडतो.

(दृश्य : निळ्या ठिपक्यांचा संथ गतीतला जवळून घेतलेला देखावा.)

पुढच्या वेळी निळा बाण फुटेल तेव्हा त्याचे ठिपके नीट पाहा. ते पांढुरके दिसले, तर ज्योत फार तापली असण्याची शक्यता असते. हिरवट दिसले, तर तांब्याला क्लोरीन कमी पडला असावा. आणि रंग मळकट, पिवळसर वाटला, तर सोडियमचा संशय घ्यावा. जांभळ्या बाणाकडे तर अधिकच बारकाईने पाहावे, कारण तो रंग तांब्याचा निळा आणि स्ट्रॉन्शियमचा लाल यांच्या मिश्रणातून मिळतो. त्यात तांब्याची बाजू जरा जरी कमी पडली, तरी जांभळ्याऐवजी गुलाबी रंग दिसतो.