शून्याचे महिने गेले कुठे?

आवाज येतोय ना मागेपर्यंत? बरं. बोर्डावर विषय लिहिलाय, अधूनमधूनच खपणाऱ्या मालाच्या फोरकास्टची चूक मोजायला माप कसं निवडायचं, तो मोठा आहे, पण मी आज एकाच पार्टबद्दल बोलणार आहे, कारण त्या एका पार्टने मला दोन वर्षं छळलंय आणि ते कोणालातरी सांगायचंच होतं.

पंपाचं सील किट. वर्षभराची डिमांड अशी: तिसऱ्या महिन्यात ४, सातव्यात २, अकराव्यात ६, आणि उरलेले नऊ महिने शून्य. वर्षाचे १२, म्हणजे महिन्याला सरासरी १. स्पेअर्समध्ये काम करणाऱ्यांना यात नवल नाही, अर्धं गोडाऊन असंच असतं. आता दर महिन्याचं फोरकास्ट म्हणून एकच आकडा द्यायचाय, काय द्याल? १ म्हणणारे हात वर करा. बरेच आहेत. शून्य कोण म्हणतंय? एकटेच? थांबा, पुढे तुम्हीच जिंकणार आहात, आणि तीच माझी तक्रार आहे.

तेव्हा आमच्याकडे सगळं मोजमाप मेपवर चालायचं. दर महिन्याची चूक त्या महिन्याच्या प्रत्यक्ष डिमांडने भागायची, टक्के काढायचे, सरासरी घ्यायची. रोज खपणाऱ्या मालाला ठीक आहे. पण सील किटच्या नऊ महिन्यांत भागायला खाली शून्य, त्यामुळे शीटमध्ये नऊ ठिकाणी एरर. रिव्ह्यू मीटिंगमध्ये ते वाईट दिसतं म्हणून कोणीतरी हे टाकलं (ए कॉलममध्ये प्रत्यक्ष, बी मध्ये फोरकास्ट):

```
=IFERROR(ABS(A2-B2)/A2,"")
```

निरागस फॉर्म्युला आहे हो. जिथे भागाकार जमत नाही तिथे रिकामं ठेवतो, आणि खालचं AVERAGE रिकाम्या टेक्स्टकडे बघतच नाही. म्हणजे बारापैकी नऊ महिने हिशोबातूनच गायब झाले! उरले तीन, तेही नेमके माल खपला ते. यात रेडीमेड सॉफ्टवेअरवालेही मागे नाहीत, बरीच तेच करतात, फक्त ते सेटिंग्जमध्ये कुठेतरी खाली लपलेलं असतं.

आता करा हिशोब. दर महिन्याला १ धरलं तर त्या तीन महिन्यांत चूक ७५, ५० आणि ८३ टक्के, मेप साधारण ६९. दर महिन्याला २ धरलं तर ५०, शून्य आणि ६७ टक्के, मेप ३९. मग काय, २ जिंकलं! मी २ टाकत गेलो, माझा आकडा सुधारला, मीटिंगमध्ये कौतुकही झालं. वर्षाला १२ खपणाऱ्या वस्तूचं २४ चं फोरकास्ट. शून्याच्या महिन्यांत कितीही जास्त धरा, दंड नाहीच. स्टोअरवाले विचारायला लागले की अहो हे ठेवायचं कुठे, तर मी त्यांना मेप दाखवला. आज लाज वाटते.

तुम्ही म्हणाल बायस बघायचा ना. बघत होतो की! फोरकास्ट वजा प्रत्यक्ष, वर्षाचा अधिक १२, डोळ्यात भरेल असा. पण आमच्याकडे बायस अख्ख्या गोडाऊनचा एकच निघायचा, आणि तिकडे बेअरिंग कमी धरलेली असायची, तो उणे आणि हा अधिक, वजाबाकी होऊन सगळं हिरवं. बायस एकेका आयटमचा किंवा फारतर एकसारख्या आयटमच्या गटाचा बघितला तरच काहीतरी बोलतो. आणि हो, दुसऱ्याचा रिपोर्ट वाचताना आधी विचारा की कशातून काय वजा केलंय. काही ठिकाणी उलटं करतात, अधिक म्हणजे कमी धरलं असा अर्थ निघतो, त्यावरून मी एकदा तासभर भांडलोय आणि दोघांचंही बरोबर होतं.

मग सुधारणा आली. मेप बंद, आता वर्षभराच्या सगळ्या चुकांची बेरीज भागिले वर्षभराची डिमांड. छान वाटतं, खाली शून्य येत नाही, सगळे बारा महिने मोजले जातात. आता शून्यवाले काका, तुमची वेळ. दर महिन्याला १ धरलं तर नऊ रिकाम्या महिन्यांचे ९, आणि बाकीचे ३, १, ५. एकूण १८, भागिले १२, म्हणजे १५० टक्के. शून्य धरलं तर चूक १२, म्हणजे १०० टक्के. शून्य जिंकलं! ज्या फोरकास्टवर एकही किट मागवलं जाणार नाही ते सगळ्यात अचूक. यात फॉर्म्युल्याची चूक नाही. निव्वळ चुकांची बेरीज सगळ्यात कमी होते ती मधल्या आकड्याला, मीडियनला, आणि अर्ध्याहून जास्त महिने शून्य असतील तर मीडियन शून्यच. बक्षीस त्यावर ठेवलंत की हुशार प्लॅनर तिथेच जाणार.

चुकांचे वर्ग घेतले तर? वर्ग सरासरीला बक्षीस देतात. १ धरलं तर वर्गांची बेरीज ४४, शून्य धरलं तर ५६, आणि २ धरलं तरी ५६. एकच डेटा, तीन मोजपट्ट्या, तीन वेगळे विजेते. कोणी सुचवेल सिमेट्रिक मेप घ्या, म्हणजे चुकीला प्रत्यक्ष आणि फोरकास्टच्या सरासरीने भागा, तर प्रत्यक्ष शून्य असेल तिथे तो फोरकास्ट अर्धं असो की शंभर, दोन्हीला २०० टक्केच देतो. त्यामुळे तोही बाद.

किती झाले? दहाच मिनिटं? अरेच्चा. निवड कशी करायची हे सांगणार म्हणून तर बोलावलंत. भराभर सांगतो.

पहिलं म्हणजे महिना सोडा. किट मागवल्यावर यायला चार महिने लागत असतील तर चार महिन्यांची बेरीज मोजा, कारण स्टॉक तेवढ्यासाठीच ठेवताय. आपल्या डेटाचे ४, २, ६ असे तीन तुकडे पडतात, शून्य गायब, पण यावेळी प्रामाणिकपणे. दरमहा १ म्हणजे तुकड्याला ४, चुका ०, २, २, एकूण चार, १२ वर ३३ टक्के. शून्यवाल्याला १०० आणि २ वाल्यालाही १००. इथे तुकडे सोयीचे पडलेत हे मान्य, म्हणून खऱ्या कामात चार महिन्यांची खिडकी एकेक महिना सरकवत जा.

दुसरं, वेगवेगळ्या आयटमची तुलना करायची तर वर्ग घ्या आणि त्या आयटमच्या स्वतःच्या जुन्या इतिहासातल्या, म्हणजे मागचाच आकडा पुढे धरून येणाऱ्या, चुकांच्या वर्गांनी भागा. २०२० च्या एम-५ या फोरकास्टच्या स्पर्धेत साधारण हेच माप होतं, कारण तिथेही दुकानातल्या आयटमच्या डेटात शून्यंच शून्यं होती. सोबत बायस आयटमवार, दोन्ही शेजारी शेजारी. कारण बायस शून्य असूनही वेळ चुकू शकते: पहिले सहा महिने २ आणि नंतर शून्य धरलं तरी वर्षाचा बायस शून्यच, पण अकराव्या महिन्याच्या ६ साठी तुम्ही काहीच धरलेलं नाही. म्हणून बायसची महिन्यागणिक चालती बेरीज बघा, ती या उदाहरणात सहाव्या महिन्यात अधिक ८ ला जाते आणि लगेच दिसते.

तिसरं, हो हो, संपवतो. पार्ट इतकाच हळू असेल की चार महिन्यांची बेरीजही बहुतेक वेळा शून्य, तर फोरकास्टची चूक मोजणंच सोडा. जुन्या डेटावर स्टॉकचा खेळ चालवून बघा, सरासरी किती माल पडून राहिला आणि किती वेळा ग्राहक परत गेला, एवढे दोनच आकडे. आणि तो डेटा घेताना ते शून्य खरंच शून्य होतं की त्या महिन्यात आपल्याकडेच माल नव्हता म्हणून विक्री झाली नाही, हे आधी स्टोअरला विचारा. आमच्या सील किटच्या नऊ शून्यांपैकी दोन तसली निघाली.