काहीही न पेलणारा खांब

(दृश्य: निक्को, तोशोगू देवस्थान. पाच मजली पॅगोड्याचा तळमजला. कॅमेरा जमिनीलगत.)

हा खांब नीट बघा. जवळपास साठ सेंटिमीटर जाडीचा, इमारतीच्या बरोबर मधोमध. आता त्याच्या बुडाशी बघा. खालचा दगड आणि खांब यांच्यात साधारण दहा सेंटिमीटरची फट आहे. खांब जमिनीला टेकतच नाही. चौथ्या मजल्याच्या सांगाड्याला तो साखळ्यांनी टांगलेला आहे.

हा पॅगोडा १८१८ चा. आधीचा आगीत गेला, त्याच्या जागी हा बांधला. या खांबाला जपानीत शिनबाशिरा म्हणतात, म्हणजे हृदयस्तंभ. नावावरून वाटेल की सगळी इमारत यानेच तोलली असेल. प्रत्यक्षात याच्यावर एकाही मजल्याचं ओझं नाही. तो धरून ठेवतो फक्त शिखरावरचा नऊ कड्यांचा धातूचा कळस.

हा कळस आपल्याला अनोळखी नाही. पॅगोडा हा स्तूपाचाच वंशज. कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपावर आजही लाकडी छत्री उभी आहे. तिची काठी, म्हणजे यष्टी, पूर्वेकडे जाताना वाढत वाढत तीस-पस्तीस मीटरचा खांब झाली.

मग हा खांब टांगला कशासाठी? भूकंपासाठी, असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. सुतार मात्र वेगळंच कारण सांगेल.

पावसाळ्यात घराचं दार फुगतं आणि चौकटीत अडतं. ते फुगतं रुंदीत. उंचीत जवळजवळ नाहीच. लाकूड सुकतानाही तसंच: रेषांच्या आडवं ते बरंच आक्रसतं, रेषांच्या लांबीत नगण्य. पॅगोड्याचे मजले म्हणजे आडव्या तुळया, ठोकळे आणि वासे यांची चळत. समजा, पाचही मजल्यांत मिळून अशा आडव्या लाकडांची उंची दहा मीटर भरली आणि ती तीन टक्के आक्रसली, तर इमारत तीस सेंटिमीटरने बसते. मधला खांब उभ्या रेषांचा, तो आहे तेवढाच राहतो. परिणाम दिसतो शिखरावर. छप्पर खाली सरकतं, कळस जागच्या जागी राहतो, दोघांमध्ये फट पडते आणि पावसाचं पाणी खांबावरून थेट आत उतरतं. क्योतोच्या तोजी देवळातला १६४४ चा पॅगोडा जवळपास पंचावन्न मीटर उंच आहे. तिथे पुढे खांबाचं बूडच कापून तो आखूड करावा लागला. निक्कोच्या सुतारांनी खांब टांगूनच ही कटकट मिटवली: इमारत जशी बसेल, तसा खांबही तिच्याबरोबर खाली येईल.

(दृश्य: होर्यूजी, नारा प्रांत. पहाट.)

आता ओझं कोण पेलतं, ते बघायला होर्यूजीला जाऊ. सातव्या शतकाचा शेवट किंवा आठव्याची सुरुवात, तेव्हाचा हा पाच मजली पॅगोडा. उंची सुमारे साडेबत्तीस मीटर. याच्या मधल्या खांबाचं झाड इ.स. ५९४ मध्ये तोडलेलं होतं, असं लाकडातल्या वार्षिक वलयांवरून निघालं.

तळमजल्यावर बाहेरच्या रांगेत बारा खांब, आत चार. हे खांब पहिल्या मजल्यापाशीच संपतात. दुसऱ्या मजल्याचे खांब त्यांच्या डोक्यावर उभे नाहीत. ते थोडे आत सरकून, खालच्या छपराच्या लाकडांवर बसवलेल्या आडव्या पट्टीवर उभे आहेत. तिसऱ्याचे त्याहून आत. पाचव्या मजल्याची बाजू पहिल्याच्या निम्मीच उरते. थोडक्यात, उतरंडीसारखी ही रचना: एकावर एक ठेवलेल्या पाच पेट्या. त्यांना एकत्र धरतं ते मुख्यतः त्यांचं स्वतःचं वजन.

(दृश्य: छपराच्या कोपऱ्याखालचा जोड, अगदी जवळून.)

खांबाच्या माथ्यावर हा ठोकळा, धान्य मोजायच्या लाकडी मापासारखा. त्याच्या खाचेत आडवा हात बसतो, हातावर पुन्हा ठोकळे, त्यांवर छपराची तुळई. ठोकळा घसरू नये म्हणून मध्ये लाकडी खुंटी. खिळे आहेत, पण थोडे. जोडाची मदार खाच, कुसू आणि वरून येणाऱ्या दाबावर. इथून एक तिरपी तुळई बाहेर झेपावते. तिच्या बाहेरच्या टोकावर कौलांनी जड झालेली पागोळी, आतल्या टोकावर वरच्या मजल्याचं वजन. तराजूच्या दांडीसारखी ती मधल्या आधारावर तोललेली असते. आतल्या टोकावरचं वजन काढलं, तर पागोळी खाली लोंबेल.

जमीन हलली की यातला प्रत्येक जोड किंचित सरकतो, किंचित फिरतो. लाकूड लाकडावर घासतं आणि धक्क्याची ताकद त्या शेकडो घासण्यांत वाटली जाऊन संपते. जाड खांब कलतो, पण त्याचं बूड रुंद आणि सपाट. माथ्यावरचं वजनच त्याला परत उभा करतं. संपूर्ण इमारतीचा एक झोका सेकंद-दीड सेकंदाचा असतो. जोराच्या भूकंपातले बरेच घातक हिसके याहून झटपट येतात. पॅगोडा एका बाजूला पुरता झुकायच्या आत जमीन उलट फिरलेली असते. धक्का वाढला, तर जोड आणखी सैल वागतात, झोका आणखी लांबतो. मजले एकमेकांच्या उलट दिशेलाही सरकू शकतात, एक डावीकडे तर वरचा उजवीकडे. या नागमोडी चालीला जपानमध्ये सापाचा नाच म्हणतात.

आणि हृदयस्तंभ? मजले फार सरकले तर ते त्याला आदळतात, तो त्यांना अडवतो, हे पटण्यासारखं आहे. पण लहान प्रतिकृती हलत्या मंचावर ठेवून, खांब कधी पुरून, कधी टेकवून, कधी टांगून पाहिला, तेव्हा फरक अपेक्षेपेक्षा कमी आला. आमच्या मते खरं काम त्या न बांधलेल्या जोडांचं आहे. श्रेय मात्र खांबाला मिळतं, कारण तो दिसतो.

होर्यूजीचा खांब तर आधी सुमारे तीन मीटर जमिनीत पुरलेला होता. मातीतला ओलावा लाकडाला सोडत नाही. १९२६ मध्ये खाली पाहिलं, तेव्हा बुडाशी पोकळी होती. पुरलेला भाग कुजून गेला होता आणि पॅगोडा तरीही उभा होता. नंतरच्या सुतारांनी खांब पुरणं सोडलं आणि जमिनीवरच्या दगडावर ठेवायला सुरुवात केली.

१९२३ च्या कांतो भूकंपात तोक्योचे उएनो आणि असाकुसा इथले पाच मजली पॅगोडे टिकले. असाकुसाचा पुढे १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. पॅगोड्यांचा मोठा शत्रू आगच. उंच कळसावर वीज पडते आणि खाली कोरडं लाकूड.

दुसरा शत्रू वारा. भूकंपाचा हिसका क्षणात दिशा बदलतो, वादळ मात्र एकाच बाजूने रेटत राहतं. वजनावर बसलेल्या पेट्यांना ते मानवत नाही. २१ सप्टेंबर १९३४ ला मुरोतो वादळात ओसाकाच्या शितेन्नोजी देवळाचा पॅगोडा कोसळला. १९४० मध्ये तो पुन्हा लाकडात बांधला. पाच वर्षांत हवाई हल्ल्यात जळाला.

(दृश्य: शितेन्नोजी, आज. पॅगोड्याची पागोळी खालून.)

आज तिथे दिसतो तो १९५९ चा. आकार जुनाच, पाच मजली. बांधलाय काँक्रीटमध्ये.